पडत्या वजनाचा झटका: सळईतला स्ट्रेस आणि वाढ कशी काढायची

१६ मिमी जाडीची, २ मीटर लांबीची पोलादी सळई तुळईला उभी टांगली आहे. खालच्या टोकाला जाड वॉशर आणि नट आहे. मधोमध भोक पाडलेलं ५० किलोचं बिडाचं वजन सळईत ओवलेलं आहे, ते वॉशरवर बसतं. वजन हाताने धरून हळू टेकवलं, तर सळईच्या दृष्टीने ते काहीच नाही. तेच वजन वॉशरच्या वर २० मिमी असताना सुटलं, तर सळईत क्षणभर दोन टनांएवढा ओढा येतो. हे दोन टन कुठून आले, ते कसे मोजायचे आणि मोजताना कुठे फसायला होतं, एवढंच या लेखात आहे.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून बार्ज दुरुस्तीच्या यार्डात, गोव्यातल्या कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नव्याने लागलेल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितोय. तिथे सैल राहिलेली साखळी, निसटलेली पिन, टेकू काढताच खाली बसलेली प्लेट असं काही ना काही रोज दिसतं, आणि प्रत्येक वेळी गणित हेच असतं.

आधी मापं घ्या

चार मापं लागतात: वजन, पडण्याची उंची, सळईचा व्यास आणि लांबी. लांबी म्हणजे सळईचा खरोखर ताणला जाणारा भाग. वरच्या नटाच्या बैठकीपासून खालच्या नटाच्या बैठकीपर्यंत मोजा, बाहेर आलेले आटे धरू नका. उंची मोजायची ती वजनाच्या बुडापासून वॉशरच्या वरच्या तोंडापर्यंत. साखळी असेल तर जेवढी सैल, तेवढी उंची.

एककं सुरुवातीलाच ठरवा. सगळी लांबी मिमीमध्ये, बल न्यूटनमध्ये, म्हणजे स्ट्रेस आपोआप न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये येतो. ५० किलोचे ४९० न्यूटन होतात. हा गुणाकार राहून गेला की उत्तर तीनपट तरी कमी येतं आणि ते इतकं सुखाचं दिसतं की कुणी परत तपासत नाही. पोलादाचा यंग मोड्युलस २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरा.

मग शांत भाराचं गणित

झटक्याचं गणित शांत भारापासूनच सुरू होतं, म्हणून ही पायरी गाळता येत नाही. सळईच्या छेदाचं क्षेत्रफळ २०१ चौरस मिमी. ४९० ला त्याने भागलं की स्ट्रेस येतो २.४४. वाढीचं सूत्र असं, d_st म्हणजे शांत भाराखालची वाढ, W वजन न्यूटनमध्ये, L लांबी, A क्षेत्रफळ आणि E यंग मोड्युलस:

```
d_st = W·L / (A·E)
```

आकडे घातले की d_st येते ०.०२४४ मिमी. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. साध्या पोलादाचा यील्ड पॉइंट २५० च्या आसपास असतो, म्हणजे या भाराखाली सळईची शंभराव्या हिश्श्याएवढीही ताकद लागत नाही. मेस्त म्हणतात, "पन्नास किलोला सोळाची सळई? हत्ती बांधायचाय काय?" शांत भारापुरतं त्यांचं बरोबरच आहे.

आता वजन सोडा

वजन पडतं, वॉशरवर आदळतं आणि त्यानंतरही खाली जातच राहतं, कारण सळई ताणली जात असते. सळईचा ओढा वाढत जातो, वजनाचा वेग कमी होत जातो, आणि एका क्षणी वजन थांबतं. त्याच क्षणी सळई सगळ्यात जास्त ताणलेली असते. पुढे ती वजनाला वर फेकते, वजन काही वेळ थरथरतं आणि शेवटी ०.०२४४ मिमीच्याच वाढीवर स्थिर होतं. आपल्याला हवाय तो पहिला थांबा.

त्या थांब्यापर्यंत वजन एकूण h + d एवढं खाली आलेलं असतं: h ही पडण्याची उंची आणि d ही सळईची त्या क्षणीची वाढ. हिशेबात d विसरणं ही नेहमीची चूक आहे. उंची मोठी असताना ती खपून जाते, पण उंची शून्य असली की सगळं उत्तरच बिघडतं. वजनाने केलेलं सगळं काम सळईत ऊर्जा म्हणून साठलं असं धरलं की समीकरण मिळतं:

```
W·(h + d) = ½ · (A·E/L) · d²
```

उजवीकडचा अर्धा कशासाठी, असं कुणी ना कुणी विचारतंच. सळईचा ओढा पहिल्यापासून पूर्ण नसतो, तो शून्यापासून वाढत जातो, म्हणून सरासरी ओढा शेवटच्या ओढ्याच्या निम्मा. वजन मात्र पूर्ण वेळ पूर्ण ४९० न्यूटनचंच असतं.

हे d चं वर्गसमीकरण सोडवून d ला d_st ने भागलं, की इम्पॅक्ट फॅक्टर हातात येतो:

```
K = 1 + √(1 + 2h/d_st)
```

शांत भाराचा स्ट्रेस आणि वाढ दोन्ही याच K ने गुणायची. आपल्या सळईसाठी दुप्पट उंची ४० मिमी, तिला ०.०२४४ ने भागलं की १६४० च्या आसपास येतं. एक मिळवून वर्गमूळ काढलं की ४०.५, आणि परत एक मिळवला की K = ४१.५. म्हणजे स्ट्रेस १०१ आणि वाढ १.०१ मिमी. ओढा ४९० गुणिले ४१.५, साधारण २०,३०० न्यूटन. हेच ते दोन टन.

इथे थांबून उलटा ताळा करा, दोन मिनिटं लागतात. वजनाने केलेलं काम: ४९० गुणिले २१.०१, म्हणजे सुमारे १०,३०० न्यूटन-मिमी. सळईचा कडकपणा AE/L म्हणजे २०,१०० न्यूटन प्रति मिमी. त्याचा निम्मा गुणिले १.०१ चा वर्ग, तेही जवळपास १०,३००. दोन बाजू जुळल्या नाहीत तर बहुतेक वेळा कुठेतरी मीटर आणि मिमी एकत्र झालेले असतात.

उंची शून्य म्हणजे झटका शून्य नव्हे

सूत्रात h = 0 घाला. K येतो २. वजन वॉशरला नुसतं टेकवून धरलंय, अजून भार दिलेला नाही, आणि एकदम हात सोडला. एवढ्यानेही सळईत दुप्पट स्ट्रेस येतो. क्रेनचा भार खाली टेकवताना "हळू, हळू" म्हणून ओरडतात त्याचं गणित हेच आहे. फरक हळू सोडण्यात आणि एकदम सोडण्यात आहे, पडण्यात नाही.

उंची वाढवली तर? १०० मिमीला K ९१.६ आणि स्ट्रेस २२३. म्हणजे उंची पाचपट झाली, स्ट्रेस दुपटीपेक्षा थोडा जास्त. उंची वर्गमुळाच्या आत बसली आहे म्हणून असं होतं. १२५ मिमीला स्ट्रेस २४९ येतो आणि सळई यील्डच्या दारात उभी राहते. पन्नास किलोचं वजन, वीतभरही उंची नाही, आणि हत्ती बांधायची सळई कायमची लांबते.

लांबी आणि जाडी: इथे शांत भाराचं शहाणपण चालत नाही

शांत भारात सळईची लांबी स्ट्रेसच्या सूत्रात येतच नाही. एक मीटरची असो की चार मीटरची, स्ट्रेस तोच २.४४. झटक्यात मात्र लांबीला मोठी किंमत आहे. तीच सळई १ मीटर केली तर २० मिमीच्या झटक्याने स्ट्रेस १४२ वर जातो, आणि ४ मीटर केली तर ७२ वर उतरतो. ऊर्जा तेवढीच आहे. ती साठवायला लोखंड जास्त मिळालं तर प्रत्येक इंचावरचा बोजा कमी होतो. म्हणून झटका खाणारी आखूड सळई लांब सळईपेक्षा जास्त धोक्याची असते, व्यास तोच असला तरी.

जाडीचं आणखी गमतीचं. १६ ऐवजी ३२ मिमीची सळई घाला. क्षेत्रफळ चौपट झालं, तेव्हा शांत भाराचा स्ट्रेस पाव झाला. झटक्याचा स्ट्रेस मात्र १०१ वरून ५० वर, म्हणजे फक्त निम्मा. आणि इम्पॅक्ट फॅक्टर? तो ४१.५ वरून ८२ वर गेला. नवखा माणूस हे पाहून "जाड सळई वाईट" असं लिहून मोकळा होतो. फॅक्टर कशाच्या तुलनेत आहे ते बघायचं. ज्याने गुणायचं तो आकडा वाढला, पण ज्याला गुणायचं तो त्याहून जास्त उतरला. म्हणून दोन सळयांची तुलना नेहमी अंतिम स्ट्रेसवर करा, नुसत्या K वर कधीच नको.

आता खरी मेख. झटक्यात सळईची सर्वांत बारीक जागा शांत भारापेक्षा जास्त महागात पडते. आपल्या गोव्यात हे नदीकाठच्या कुठल्याही जुन्या सळईवर बघायला मिळतं. भरतीचं खारं पाणी जिथपर्यंत चढतं, तिथे हातभर नाही, चार बोटं पट्टा गंजून आत गेलेला असतो. वायर ब्रशने खवले काढले की व्हर्नियर १६ ऐवजी १२ दाखवतो, वर आणि खाली मात्र सळई जशीच्या तशी.

समजा असा २० मिमीचाच पट्टा १२ मिमी व्यासाचा उरलाय. एवढ्याशा तुकड्याने सळईची एकूण वाढ जवळजवळ बदलत नाही, म्हणून K जवळजवळ तोच, ४१.४. पण पट्ट्यातलं क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी, आणि तिथला स्ट्रेस १७९. आता दुसरी सळई घ्या, वरपासून खालपर्यंत १२ मिमीचीच. तिच्यात लोखंड कितीतरी कमी, तरी तिचा K ३१.४ आणि स्ट्रेस १३६. सगळीकडे बारीक असलेली सळई एका जागी बारीक असलेल्या जाड सळईपेक्षा झटका चांगला सोसते. कारण ती सगळी मिळून ताणली जाते, तर पहिलीत जाड भाग कडक राहतो आणि ओढा वाढवून बारीक पट्ट्यावर आणतो.

आट्यांचंही तेच. आपल्या सळईवर एम-१६ चे आटे असतील तर आट्यांतलं हिशेबी क्षेत्रफळ १५७ चौरस मिमी, मग २० मिमीच्या झटक्याने तिथे १३० स्ट्रेस येतो, सळईत १०१ असताना. यील्डसाठी १२५ मिमी उंची लागेल असं वर म्हटलं ते सपाट सळईपुरतं होतं. आट्यांत तीच वेळ ७६ मिमीलाच येते. मधली सळई लेथवर घासून १४.१ मिमी केली, म्हणजे तिचंही क्षेत्रफळ १५७ झालं, तर आट्यांतला स्ट्रेस १३० वरून ११५ वर येतो. लोखंड काढून टाकून आटे वाचतात. झटका खाणाऱ्या बोल्टची मधली दांडी मुद्दाम बारीक ठेवलेली दिसते ती याचसाठी. "दांडी बारीक आहे, जाड घालू या" असं म्हणत असा बोल्ट बदलायला निघालेल्याला थांबवा.

करून बघताना

यार्डात किंवा लॅबमध्ये हे करून बघणार असाल तर वजनाखाली वाळूची पेटी ठेवा आणि पाय लांब ठेवा. झटका शिगेला पोहोचायला जेमतेम अडीच मिलिसेकंद लागतात, तेव्हा डोळ्याने किंवा साध्या डायल गेजच्या काट्याने काही टिपता येणार नाही. स्वस्त उपाय म्हणजे प्लॅस्टिसिनचा गोळा. पक्क्या, न हलणाऱ्या स्टँडवर गोळा ठेवून तो सळईच्या खालच्या टोकाला जेमतेम टेकेल असा दाबून बसवा. झटक्यानंतर सळई वर परत जाते, पण गोळ्यात खड्डा राहतो. त्याची खोली व्हर्नियरच्या मागच्या दांडीने मोजा. टोक आधी सपाट घासून घ्या, नाहीतर कुठून मोजायचं तेच कळत नाही.

हिशेबाने खड्डा १ मिमीचा हवा, पण बहुतेक वेळा तो जास्त निघतो. लगेच वाटतं की स्ट्रेसही जास्त आला असणार. उलट असतं. वरची तुळईही वाकलेली असते. समजा शांत ४९० न्यूटनखाली तुळई ०.०५ मिमी वाकते. हे वाकणं d_st मध्ये मिळवायचं, मग d_st होते ०.०७४ आणि K उतरतो २४ वर. सळईत स्ट्रेस ५९ च उरतो, पण टोक एकूण १.८ मिमी खाली जातं: त्यातले ०.६ सळईच्या वाढीचे, बाकीचे तुळईचे. म्हणून तुळईखाली डायल गेज लावून, वजन हळू टेकवून तिचं वाकणं आधी मोजा. काटा किती सरकला ते नीट दिसावं म्हणून गेज ०.०१ मिमीचा घ्या.

तुळईने नकळत केलं ते स्प्रिंग मुद्दाम करते. वॉशरवर २०० न्यूटन प्रति मिमी कडकपणाची कॉइल स्प्रिंग बसवा आणि उंची तीच २० मिमी ठेवा, या वेळी स्प्रिंगच्या वरच्या तोंडापासून. d_st होते २.४७ मिमी, K उतरतो ५.१ वर, स्ट्रेस १२.५. एकशे एकवरून साडेबारावर! अट एकच: स्प्रिंग सुमारे १२.६ मिमी दबते, तेवढी जागा तिच्या वेटोळ्यांत हवी. वेटोळी एकमेकांना भिडली की स्प्रिंग लोखंडाचा ठोकळा होते आणि उरलेली ऊर्जा सरळ सळईत जाते. रबराचा पॅड घातला तरी विचार हाच, पण रबर दबेल तसं कडक होत जातं, म्हणून एकच कडकपणा धरून काढलेलं उत्तर अंदाजाचंच समजा.

सूत्र कुठपर्यंत खरं

आदळताना थोडी ऊर्जा उष्णता आणि आवाजात जाते, सूत्र ती धरत नाही. इथे सळई ३ किलोची आणि वजन ५० किलोचं, त्यामुळे सळईला हलवण्यात जाणारी ऊर्जा नगण्य आहे. "म्हणजे उत्तर सुरक्षित बाजूलाच", असं पुस्तकी वाक्य इथे यायला हरकत नाही, पण ते पूर्ण खरं नाही. सूत्राने धरलंय की सळई वरपासून खालपर्यंत एकदम सारखी ताणते. प्रत्यक्षात आदळल्याची बातमी सळईतून सेकंदाला ५ किलोमीटर वेगाने लाटेसारखी वर जाते, तुळईकडून परतते, पुन्हा वर जाते. २० मिमी पडलेल्या वजनाचा वेग ०.६३ मीटर प्रति सेकंद असतो, आणि या पहिल्या लाटेतच सुमारे २५ स्ट्रेस असतो. वरचं टोक पक्कं धरलेलं असेल तर लाटा तिथे एकमेकींवर चढतात आणि शिखर १०१ ऐवजी १२० ते १२५ पर्यंत जाऊ शकतं. म्हणून पक्क्या टोकाजवळच्या आट्यांना हिशेबात मोकळी जागा ठेवा. वजन सळईपेक्षा हलकं असेल, म्हणजे हातोड्यासारखा ठोका असेल, तर हे सूत्र बाजूलाच ठेवा. तिथे लाटांचंच राज्य असतं.

दुसरी हद्द यील्डची. K कितीही मोठा निघू शकतो, सूत्राला लाज नसते. उत्तर ४०० आलं तर सळईत ४०० स्ट्रेस आला असं नव्हे. पोलाद २५० च्या आसपास शरण जातं, त्यानंतर ते वाढत राहतं आणि उरलेली ऊर्जा त्या कायमच्या वाढीत जिरते. तो आकडा एवढंच सांगतो की सळई लवचीक राहिली नाही. हे ओळखायला झटक्याआधी सळईवर सेंटर पंचने दोन खुणा करून त्यांतलं अंतर नोंदवून ठेवा आणि नंतर वजन काढून तेच अंतर परत मोजा. आट्यांवर हात फिरवा, नट आधी बोटाने फिरत होता तो आता अडकतो का ते बघा. आटे ताणले की पिच बदलतो आणि नट पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच आवळतो. अशी सळई सरळ भंगारात टाकायची. नट जोर लावून फिरवून परत वापरायची नाही.